तासाला बारा वेळा बदलणारी हवा

पुण्या-मुंबईत पुनर्विकासाला गेलेल्या बहुतेक सोसायट्यांच्या नकाशात आता एक तरी बेसमेंट असतं. जागा कमी, गाड्या जास्त, म्हणून गाड्या जमिनीखाली जातात. बेसमेंटला खिडक्या नसतात. वरच्या मजल्यावर आग लागली तर धूर खिडकीतून, गॅलरीतून बाहेर पडतो. खाली मात्र त्याला वाट उरते ती रॅम्प, जिना आणि लिफ्टची विहीर यांचीच, आणि माणसंही तिथूनच बाहेर पडणार असतात. म्हणून धूर ओढून बाहेर टाकायला पंखे बसवावे लागतात. रोज सकाळी सुरू होणाऱ्या गाड्यांचा विषारी वायू काढायलाही तेच पंखे वापरतात.

हे पंखे केवढे असावेत, कुठे असावेत आणि हवा कुठून कुठे जावी, याचा एक अहवाल सल्लागार तयार करतो. तो तपासायचं काम मी करतो. अहवालात रंगीत नकाशे असतात, पंख्यांच्या कंपन्यांची माहितीपत्रकं असतात आणि एक वाक्य हमखास असतं: ‘आगीच्या वेळी तासाला बारा एअर चेंज.’ राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत पार्किंगच्या बेसमेंटसाठी हाच आकडा आहे. एरवी तासाला सहा आणि आग लागल्यावर बारा. पंखे २५० अंश सेल्सिअसच्या हवेत दोन तास चालले पाहिजेत, असंही संहिता सांगते. हे वाक्य वाचून सोसायटीची कमिटी निश्चिंत होते. तपासणीला मात्र तिथून सुरुवात होते, कारण बारा हा आकडा म्हणजे हिशेबाची पहिली ओळ आहे आणि पुष्कळ अहवालांत पुढच्या ओळीच नसतात.

एक उदाहरण घेऊन सांगतो. बेसमेंट काल्पनिक आहे आणि आकडे सोयीसाठी गोल केले आहेत, पण त्यातली प्रत्येक त्रुटी मला खऱ्या अहवालांमध्ये भेटलेली आहे.

बेसमेंटचं क्षेत्रफळ २,५०० चौरस मीटर, साधारण ऐंशी गाड्यांची जागा. जमिनीपासून वरच्या स्लॅबपर्यंत उंची ३.२ मीटर. म्हणजे आत ८,००० घनमीटर हवा. ती तासाला बारा वेळा बदलायची तर पंख्यांनी तासाला ९६,००० घनमीटर हवा बाहेर टाकली पाहिजे. अहवालात मात्र पंख्यांची क्षमता ७२,००० लिहिलेली आहे आणि तिच्यासमोरही ‘बारा एअर चेंज’ असंच म्हटलंय. गुणाकार तपासला तर बरोबर येतो. चूक उंचीत आहे. सल्लागाराने उंची २.४ मीटर धरली, कारण तुळया, पाइप आणि डक्ट यांच्याखाली गाडीला तेवढी मोकळी उंची मिळते. पण हवा काही तुळईच्या खाली संपत नाही. दोन तुळयांमधल्या खोबणीतही हवा असते आणि धूर तर आधी तिथेच साचतो. खांब, भिंती, तुळया यांचं घनफळ वजा करायला हरकत नाही, पण ते पाच-सात टक्क्यांच्या आसपास भरतं, पंचवीस टक्के नाही. तेव्हा या अहवालातले बारा एअर चेंज प्रत्यक्षात नऊच आहेत.

बारा आणि नऊ यांत असा काय मोठा फरक, असं कमिटीतलं कोणीतरी विचारतंच. ‘तासाला बारा वेळा हवा बदलते’ हे ऐकून वाटतं की दर पाच मिनिटांनी जुनी हवा पूर्ण जाते आणि नवी येते. तसं होत नाही. येणारी ताजी हवा धुरात मिसळते आणि ते मिश्रण बाहेर जातं. आग विझली आहे, नवा धूर तयार होत नाही आणि हवा सगळीकडे सारखी मिसळते आहे, असं गृहीत धरलं तरी बाराच्या वेगाने पाच मिनिटांनंतर ३७ टक्के धूर शिल्लक असतो आणि पंधरा मिनिटांनंतर पाच टक्के. नऊच्या वेगाने पंधरा मिनिटांनंतर साडेदहा टक्के उरतो. पाव मिनिटाचाही प्रश्न नसलेल्या कागदावरच्या एका उंचीमुळे, अग्निशमन दलाचा जवान खाली उतरेल तेव्हा त्याच्यासमोर दुप्पट धूर असेल.

याच अहवालात पुढे लिहिलंय की ‘ही यंत्रणा जमिनीपासून दोन मीटर उंचीपर्यंत हवा धूरमुक्त ठेवेल, त्यामुळे रहिवासी सुरक्षित बाहेर पडतील.’ हे वेगळं आणि फार मोठं आश्वासन आहे. एअर चेंजच्या आकड्याचं काम साचलेला धूर विरळ करत नेण्याचं आणि जवानांना मदत करण्याचं. आग पेटलेली असताना माणसांच्या डोक्यावर धूर अडवून धरायचा असेल तर बेसमेंटचं घनफळ उपयोगाचं नाही. आग केवढी आणि ती सेकंदाला किती धूर तयार करते, हे काढावं लागतं. अहवालात आगीचा आकार कुठेही नाही, धुराचं प्रमाणही नाही.

तो हिशेब ढोबळपणे करता येतो. पार्किंगसाठीच्या ब्रिटिश मानकात, बी.एस. ७३४६ च्या सातव्या भागात, स्प्रिंकलर असतील तर एक गाडी जळते आहे असं धरून ४ मेगावॅट आणि स्प्रिंकलर नसतील तर दोन गाड्या धरून ८ मेगावॅटची आग गृहीत धरतात. आगीच्या ज्वाळा आणि गरम वायू वर चढताना आजूबाजूची हवा ओढून घेतात, तोच धूर. दोन मीटर उंचीपर्यंत हवा स्वच्छ ठेवायची म्हटली तर पहिल्या आगीतून सेकंदाला पंधरा घनमीटरच्या आसपास गरम धूर वर येतो आणि दुसऱ्यातून पंचवीस-सव्वीस. आता आपले पंखे बघा. तासाला ७२,००० म्हणजे सेकंदाला २० घनमीटर. म्हणजे अहवालातले पंखे स्प्रिंकलर चालले तर कसेबसे पुरतील, न चालले तर कमी पडतील. ९६,००० घेतले तर सेकंदाला सव्वीस-सत्तावीस होतात आणि दुसऱ्या आगीलाही जेमतेम गाठतात. एक उंची चुकल्याने आपण नेमके या दोन शक्यतांच्या मध्ये येऊन पडलो, हे अहवाल वाचणाऱ्या कोणालाही कळलं नसतं.

‘स्प्रिंकलर चालतील’ हे गृहीतक किती नाजूक असतं, ते दक्षिण कोरियातल्या इंचॉन शहरात दिसलं. १ ऑगस्ट २०२४ ला तिथल्या एका गृहसंकुलाच्या भूमिगत पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या विजेवरच्या गाडीने पेट घेतला. आगीचा इशारा मिळाल्यावर कर्मचाऱ्याने स्प्रिंकलरची यंत्रणाच बंद केली होती, असं चौकशीत पुढे आलं. आग शेजारच्या गाड्यांमध्ये पसरत गेली, शंभराहून जास्त गाड्यांचं नुकसान झालं आणि धुरामुळे वीसहून जास्त लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. म्हणून मी अहवालात लिहून मागतो की पंख्यांचा आकार स्प्रिंकलर धरून काढलाय की न धरता.

यापेक्षाही मोठी गोम असते ती आत येणाऱ्या हवेत. पंखा जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढी कुठून तरी आत यायलाच हवी. आपल्या अहवालात एवढंच आहे: ‘ताजी हवा रॅम्पमधून नैसर्गिकरीत्या येईल.’ रॅम्पचं तोंड साडेपाच मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच, म्हणजे तेरा चौरस मीटर. तेवढ्यातून सेकंदाला २६.७ घनमीटर हवा यायला दोन मीटर प्रतिसेकंद वेग पुरेसा आहे. वाऱ्याची झुळूक असते तेवढा. इथपर्यंत हिशेब जमतो.

पण नकाशा उघडल्यावर दिसतं की धूर ओढणारा शाफ्ट रॅम्पपासून आठ-दहा मीटरवरच आहे. दोन्ही ईशान्य कोपऱ्यात. वास्तुविशारदाला तिथे जागा मिळाली, म्हणून तिथे. आता हवा रॅम्पवरून आत येणार आणि सगळ्यात जवळच्या वाटेने थेट शाफ्टमध्ये जाणार. मोरीत पाण्याचा पाइप जाळीशेजारीच सोडला तर पाणी कितीही वाहिलं तरी पलीकडच्या कोपऱ्यातला साबणाचा फेस जागचा हलत नाही, तसंच. मीटरवर ९६,००० चा आकडा दिसेल, बारा एअर चेंज पूर्ण होतील आणि नैऋत्येच्या कोपऱ्यात, जिथे बी विंगचा जिना आहे, धूर तसाच कोंडून राहील. मघाशी केलेला टक्क्यांचा हिशेब हवा सगळीकडे सारखी मिसळते असं धरून होता. इथे ते गृहीतकच मोडतं. या अहवालातली सगळ्यात गंभीर त्रुटी कोणती, असं मला कोणी विचारलं तर पंख्याच्या क्षमतेआधी मी ही सांगेन. पंखा मोठा घेता येतो. स्लॅब ओतल्यावर शाफ्ट हलवता येत नाही.

त्यात आणखी एक प्रश्न: रॅम्पच्या तोंडाशी रोलिंग शटर आहे का? नकाशात आहे. रात्री अकरानंतर वॉचमन ते खाली ओढतो. आगीची सूचना मिळताच शटर आपोआप वर जाईल, अशी जोडणी अहवालात कुठेही नाही. शटर बंद आणि पंखे पूर्ण वेगात, तर पंखे आतली हवा ओढून आतला दाब कमी करतील. आत-बाहेर १०० पास्कलचा फरक पडला तर दोन चौरस मीटरच्या दरवाजावर २०० न्यूटन, म्हणजे वीस किलोच्या वजनाएवढा जोर येतो. जिन्याचा दरवाजा सुटकेच्या दिशेने, म्हणजे जिन्याकडे उघडतो आणि जिन्यातली जास्त दाबाची हवा तो बेसमेंटच्या दिशेने बंद ठेवू पाहते. बिजागरीपासून लांब, हँडलपाशी ढकललं तरी निम्मा जोर लावावा लागतो आणि वर डोअर क्लोजरचा जोर वेगळा. धडधाकट माणसाला तो दरवाजा जड जाईल. सत्तरीच्या आजींना तो उघडणारच नाही. ज्या पंख्यांनी त्यांना वाचवायचं, त्यांनीच त्यांची वाट अडवलेली असेल. जिन्यात वेगळी प्रेशरायझेशनची यंत्रणा असेल तर हा जोर आणखी वाढतो. दोन्ही यंत्रणांचे सल्लागार बहुतेक वेळा वेगळे असतात आणि एकाचा आकडा दुसऱ्यापर्यंत पोचलेला नसतो.

आपल्या उदाहरणात उपाय अजून हाताशी आहे, कारण बांधकाम पायापर्यंतच आलंय. धूर ओढणारा शाफ्ट नैऋत्येला न्यायचा, म्हणजे रॅम्पवरून आलेली हवा पूर्ण बेसमेंट पार करून जाईल. ते शक्य नसेल तर नैऋत्येला ताजी हवा आत सोडणारा पंखा आणि त्याचा शाफ्ट द्यायचा. शटरच्या जागी जाळीचं फाटक बसवायचं, म्हणजे ते बंद असतानाही हवा येईल. वर पोडियमवर शाफ्टचं तोंड उघडतं तिथेही बघायचं. धूर बाहेर टाकणारं तोंड ताजी हवा घेणाऱ्या तोंडापासून किमान पाच मीटर लांब हवं, नाहीतर बाहेर टाकलेला धूर परत आत येतो. आणि ते मुलांच्या घसरगुंडीशेजारी नको.

पंख्याच्या पानावर आणखी एक रिकामी जागा सापडते. ‘स्टॅटिक प्रेशर २५० पास्कल, गृहीत’ असं लिहिलेलं असतं. डक्ट, वळणं, झडपा, शाफ्ट आणि जाळी यांतून हवा ढकलायला पंख्याला जेवढा जोर लावावा लागतो, तो म्हणजे हे प्रेशर. ते मोजून काढायचं असतं. आपल्या शाफ्टचं तोंड दोन मीटर बाय दोन मीटर, त्यावर तिरप्या पट्ट्यांची लूव्हर बसवली आहे. पट्ट्यांनी निम्मी जागा खाल्ली, म्हणजे खरी मोकळी जागा दोन चौरस मीटरच उरली. तिच्यातून सेकंदाला २६.७ घनमीटर हवा काढायची तर वेग तेरा मीटर प्रतिसेकंदाच्या वर जातो आणि एकट्या लूव्हरमध्ये दीडशे-दोनशे पास्कल खर्ची पडू शकतात. मग डक्टसाठी, झडपांसाठी काय उरलं? विरोध वाढला की पंखा फिरत राहतो, आवाज करतो, पण हवा कमी देतो. लूव्हर शाफ्टच्या दोन बाजूंना लावली तर वेग निम्मा होतो आणि तिथला दाबाचा खर्च एक चतुर्थांशावर येतो. चार ओळींचा हिशेब, पण तो केलेला नसतो.

हल्ली डक्टऐवजी छताला जेट फॅन टांगतात. नळीसारखे, जोराचा झोत सोडणारे हे पंखे हवा बाहेर टाकत नाहीत, मुख्य पंख्याकडे ढकलत नेतात. ते चांगलं काम करतात, पण आपल्या अहवालात त्यांची संख्या ‘दर अडीचशे चौरस मीटरला एक’ अशी आली आहे. तुळया साठ सेंटिमीटर खोल आहेत आणि फॅन दोन तुळयांच्या मधे वर चढवले आहेत. झोत समोरच्या तुळईवर आपटून खाली पडेल. शिवाय आगीची सूचना येताच सगळे जेट फॅन एकदम सुरू होतील असं ठरवलंय. सुरुवातीच्या काही मिनिटांत गरम धूर छताखाली थर करून राहतो, त्याच्याखाली माणसं वाकून पळू शकतात आणि त्या उष्णतेने स्प्रिंकलर फुटतात. जेट फॅन लगेच लागले तर तो थर ढवळून खाली येतो आणि आगीच्या डोक्यावरचा स्प्रिंकलर उशिरा फुटतो. म्हणून ते किती वेळ थांबवायचे, हे माणसांना बाहेर पडायला लागणाऱ्या वेळेवरून ठरवावं लागतं. तो वेळही अहवालात काढलेला नाही.

या सगळ्यावर उत्तर म्हणून ‘सीएफडी विक्रेता सादर करेल’ असं लिहिलेलं असतं. सीएफडी म्हणजे संगणकावर हवेचा आणि धुराचा प्रवास गणिताने काढणं. त्यातून निघणारी रंगीत चित्रं बघून लोक भारावतात. मी चित्रं शेवटी बघतो. आधी विचारतो की प्रतिकृतीत तुळया घेतल्या आहेत का, गाड्या उभ्या आहेत का, रॅम्पचं शटर उघडं धरलंय की बंद, आणि आग कुठे लावली. शाफ्टच्या खालीच आग लावली तर कोणतीही यंत्रणा उत्तीर्ण होते. आग सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात आणि एक पंखा बंद पडलेला, अशा स्थितीतही निकाल दाखवायला हवा. आणि पंखे विकणाऱ्यानेच ते गणित करावं, हे मला मान्य नाही.

रोजच्या हवेबद्दल थोडक्यात. सकाळी आठ ते नऊ दरम्यान थंड इंजिनं सुरू होतात तेव्हा कार्बन मोनॉक्साइड सगळ्यात जास्त निघतो. त्याचे सेन्सर पंख्यांचा वेग ठरवतात. हा वायू हवेएवढ्याच वजनाचा असल्यामुळे सेन्सर माणसाच्या नाकाच्या उंचीवर, दीड मीटरच्या आसपास हवा. आपल्या नकाशात तो छताला लावलाय आणि तोही रॅम्पशेजारी, जिथली हवा नेहमीच स्वच्छ असणार. पंखा कधी वेग घेणारच नाही, वीजबिल छान येईल आणि आतल्या बाजूला गाड्या धुणारी माणसं तासन्‌तास तो वायू श्वासात घेतील. त्यांच्यासाठी कुठल्याही अहवालात एक ओळही मी अजून वाचलेली नाही.

विजेचं पानही उघडून बघावं लागतं. आगीत मुख्य पुरवठा तोडतात, तेव्हा पंखे डीजी सेटवर आहेत का? तिथपर्यंतची केबल आगीत टिकणारी आहे का? २५० अंशांना दोन तास टिकणारा पंखा साध्या केबलने जोडला असेल तर केबल जळताच तो थांबेल. आणि पंख्यांचं पॅनल बेसमेंटमध्येच, धुरात, बसवलेलं नाही ना? हात घालून पंखे सुरू-बंद करायची जागा वर, फायर कंट्रोल रूममध्ये किंवा प्रवेशाशी हवी.

महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून ‘फॉर्म बी’ घेऊन द्यावा लागतो. बहुतेक सेक्रेटरींना तो ठाऊक असतो. पण पंखा फिरतो हे बघून सही करणं वेगळं आणि तो किती हवा ओढतो हे मोजणं वेगळं. जाळीसमोर ॲनिमोमीटर धरून वेग घेतला, जाळीच्या मोकळ्या क्षेत्रफळाने गुणला, की आकडा मिळतो. शटर खाली ओढून, पंखे पूर्ण वेगात लावून जिन्याचा दरवाजा उघडून बघितला, की दुसरं उत्तर मिळतं. लांबच्या कोपऱ्यात धूरयंत्राने निरुपद्रवी धूर सोडून तो किती वेळात हटतो ते बघितलं, की तिसरं.

तुमची इमारत पुनर्विकासाला जात असेल तर विकासकाशी करार करताना गाळ्याच्या चौरस फुटांबरोबर बेसमेंटच्या हवेचा हिशेब मागा. उंची कोणती धरली, आग केवढी धरली, ताजी हवा कुठून येणार, शाफ्ट रॅम्पपासून किती लांब आणि प्रेशर मोजलं की गृहीत धरलं, एवढी पाच उत्तरं लेखी घ्या. पाया खोदण्याआधी घ्या. आणि तुमच्या इमारतीत बेसमेंट आधीच असेल, तर येत्या जुलैच्या किंवा जानेवारीच्या तपासणीला येणाऱ्या माणसाला शटर बंद करून पंखे लावायला सांगा आणि स्वतः जाऊन जिन्याचा दरवाजा ढकलून बघा.